इंग्रजी फवारणी-सल्ला मशीनने मराठीत आणला की दिवसांचा अर्थ उलटतो: कारण, तपासणी आणि उपाय

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या गटांसाठी मी इंग्रजी कागद मराठीत आणायचं काम करतो. खरेदीदाराच्या मेल, परदेशी औषधांची माहितीपत्रकं, तज्ज्ञांचे सल्ले असं बरंच काही त्यात येतं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर दरवर्षी एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते, म्हणून ती इथे सविस्तर लिहितो.

अडचण काय आहे

इंग्रजी सल्ला मोबाइलवरच्या अनुवाद ॲपमध्ये टाकला की मराठी मजकूर सफाईदार येतो. वाक्यं पूर्ण असतात, व्याकरण ठीक असतं, वाचताना कुठे अडखळायला होत नाही. पण तोच मजकूर चार शेतकऱ्यांना वाचायला दिला, तर ‘फवारणी कधीपर्यंत चालेल’ याचं उत्तर दोघं एक देतात आणि दोघं बरोबर त्याच्या उलट.

पूर्वी मशीनचा मराठी अनुवाद वाचवत नसे, त्यामुळे कोणी त्यावर विसंबत नसे. गूगलच्या अनुवादात मराठी २०१३ मध्ये आली. २०१७ मध्ये तिथे मराठीसाठी न्यूरल पद्धत सुरू झाली आणि वाक्यं माणसाने लिहिल्यासारखी वाटू लागली. आता चूक असली तरी ती गुळगुळीत वाक्यात असते. ‘अप्लाय’चं भाषांतर ‘अर्ज करा’ असं आलं, तर कोणीही हसून पुढे जातं, औषधाचा अर्ज करायला कोणी जात नाही. अशा चुकीने बागेचं काही बिघडत नाही. बिघडतं ते चूक दिसतच नाही अशा वाक्याने.

आधी एक वाक्य जवळून पाहू

मूळ इंग्रजी वाक्य असं: ‘डू नॉट अप्लाय लेटर दॅन फिफ्टी डेज बिफोर हार्वेस्ट.’ अर्थ सरळ आहे. काढणीला ५० दिवस उरले की हे औषध बंद. ही ‘काढणीपूर्व कालावधी’ची अट आहे. गावात तिला सगळे ‘पीएचआय’ म्हणतात.

मशीनकडून मराठीत साधारण असं येतं: ‘काढणीच्या ५० दिवस आधी फवारणी करू नका.’

ॲप बदललं की एखादा शब्द इकडचा तिकडे होतो, पण साचा हाच राहतो. आता हे वाक्य मूळ इंग्रजी न पाहता वाचा. ‘लग्नाच्या दोन दिवस आधी येऊ नको’ असं कोणी म्हटलं, तर आपण काय समजतो? इतक्या लवकर नको, अगदी वेळेवर ये. तसंच ‘काढणीच्या ५० दिवस आधी फवारणी करू नका’ हे वाक्य ‘इतक्या लवकर फवारू नका, नंतर फवारा’ असंही वाचता येतं. म्हणजे ज्या ५० दिवसांत औषध मारायचंच नाही, नेमके तेच दिवस शेतकऱ्याला मोकळे वाटतात. दुसरा एखादा वाचक म्हणेल, फक्त तो पन्नासावा दिवस टाळायचा. तिसरा बरोबर अर्थ लावेल, पण तो पीएचआय आधीपासून माहीत असल्यामुळे. अनुवादाचा त्यात काही हात नसतो.

तारखा घालून पाहिलं की फरक किती मोठा आहे ते कळतं. प्लॉटची छाटणी १० ऑक्टोबरला झाली आणि काढणी २० फेब्रुवारीला धरली, असं समजा. ५० दिवस मागे मोजले तर १ जानेवारी येते. १ जानेवारीपर्यंत फवारणी चालेल, त्यानंतर नाही. उलटा अर्थ लावणारा शेतकरी १५ जानेवारीला निर्धास्त फवारणी करेल, कारण त्याच्या समजुतीने बंदीचा काळ संपलेला असतो. प्रत्यक्षात तेव्हा काढणीला ३६ दिवसच उरलेले असतात. माल युरोपला जाणार असेल तर मण्यांत उरलेला औषधाचा अंश तपासणीत पकडला जाऊ शकतो. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते नाशिकमध्ये अजून कोणी विसरलेलं नाही.

असं का होतं

पहिलं कारण वाक्याच्या रचनेत आहे. इंग्रजीत नकार सुरुवातीलाच येतो आणि क्रियापद त्याच्या लगेच मागे असतं. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याला चिकटून. त्यामुळे मशीनला नकार उचलून वाक्याच्या टोकाला न्यावा लागतो. वाक्य लहान असेल तर ते नीट जमतं. वाक्यात ‘लेटर दॅन’, ‘विदिन’, ‘अनटिल’, ‘अनलेस’ यांपैकी काही असेल, तर नकाराबरोबर मर्यादेची दिशाही न्यावी लागते. दिवस कुठून मोजायचे आणि कुठल्या बाजूला मोजायचे, ही दिशा वाटेत गळून पडते. वर ‘लेटर दॅन’ असंच गळलं आणि उरलं फक्त ‘आधी’.

दुसरं कारण म्हणजे मशीन शिकलं कशावर. इंग्रजी-मराठी वाक्यांच्या जोड्या मोठ्या संख्येने मिळतात त्या सरकारी प्रसिद्धिपत्रकं, बातम्या आणि भाषणांमधून. द्राक्षाच्या फवारणीचं इंग्रजी आणि त्याचं बागायतदारांच्या बोलीतलं मराठी अशा जोड्या त्यात फारशा नसतात. म्हणून मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी छान उतरते आणि ‘बड ब्रेक’चं ‘कळी तुटणे’ होतं. आपण त्याला डोळे फुटणं म्हणतो.

जिथे खुशाल वापरावं

मशीन अनुवाद टाकाऊ आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. मी तो रोज वापरतो. घडलेल्या गोष्टीचं वर्णन असेल तर तो चांगला चालतो. रोग कसा दिसतो, पानाच्या कुठल्या बाजूला डाग येतात, कुठल्या देशात यंदा उत्पादन घटलं, बैठक कुठे आहे, कंटेनर कधी निघाला, खरेदीदार काय विचारतो, यात मशीनचं मराठी बहुतेक वेळा विश्वासाने वाचता येतं. दहा पानांच्या इंग्रजी कागदात आपल्या कामाचं पान कोणतं हे शोधायलाही त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

हवामानाचा अंदाजही चांगला उतरतो, पण त्यात एक जागा सांभाळायची. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी अंदाजात ‘आयसोलेटेड प्लेसेस’ असतं, त्याचा अर्थ ठरलेला आहे: २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. मराठीत त्याला ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात. मशीनने ‘वेगळ्या ठिकाणी’ असं दिलं, तर पाऊस दुसरीकडेच कुठेतरी आहे असं वाटतं.

मी फरक असा करतो: मजकूर फक्त माहिती देत असेल तर मशीन चालेल. मजकूर वाचून कोणी पंपात औषध ओतणार असेल तर तसा पाठवायचा नाही.

उपाय १: इंग्रजी वाक्य आधी सरळ करा

मराठी मागाहून दुरुस्त करण्यापेक्षा मशीनला देण्याआधी इंग्रजी बदलणं सोपं पडतं. नकार काढून टाकायचा आणि दिवस काढणीपासून मागे मोजण्याऐवजी फवारणीपासून पुढे मोजायचे. वरचं वाक्य मी असं करून देतो: ‘हार्वेस्ट ओन्ली आफ्टर फिफ्टी डेज हॅव पास्ड सिन्स द लास्ट स्प्रे.’ मशीनकडून येतं: ‘शेवटच्या फवारणीनंतर ५० दिवस झाल्यावरच काढणी करा.’ यात दुसरा अर्थ निघायला जागाच नाही. मशीन तेच, फक्त दिशेचा गोंधळ आधीच काढला.

इंग्रजी बदलण्याइतकं येत नसेल तर मराठी वाक्य या साच्यात हाताने लिहा: ‘काढणीला ५० पेक्षा कमी दिवस उरले असतील, तर हे औषध फवारू नका.’ त्यापुढे त्या प्लॉटची तारीख घाला. सटाणा, कळवण, देवळ्याकडच्या अर्ली छाटणीच्या बागा आणि निफाडच्या ऑक्टोबर छाटणीच्या बागा यांचं वेळापत्रक एक नसतं, त्यामुळे सगळ्या गटाला एकच तारीख पाठवू नका.

तारीख दिली तरी दिवस काढून टाकू नका. व्यापारी लवकर आला तर काढणी अलीकडे ओढली जाते. २८ डिसेंबरला फवारणी झाली असेल, तर २० फेब्रुवारीच्या काढणीपर्यंत ५४ दिवस होतात आणि सगळं ठीक असतं. तीच काढणी ८ फेब्रुवारीला करायची ठरली तर दिवस भरतात फक्त ४२. नुसती ‘१ जानेवारी’ लक्षात ठेवणाऱ्याला हे कळणार नाही.

‘अनलेस’ची वाक्यं थोडी वेगळी वागतात. ‘सहा तासांत पाऊस पडल्याशिवाय पुन्हा फवारणी करू नका’ असा अनुवाद आला तर तो बरोबरच आहे. तरी बांधावर उभं राहून मोबाइल वाचणाऱ्या माणसाला त्यातले दोन नकार सोडवायला लावू नयेत. ‘फवारल्यावर सहा तासांत पाऊस आला, तरच पुन्हा फवारा’ असं लिहिलं की एका नजरेत काम होतं.

उपाय २: औषधांची नावं मशीनच्या हाती देऊ नका

एक जोडी पाहा: `fluopyram` आणि `fluopicolide`. पहिलं भुरीसाठी वापरतात, दुसरं केवड्यासाठी. मराठी अक्षरांत ही नावं प्रत्येक वेळी वेगळी उतरतात, कधी फ्लुओपायरम, कधी फ्लोपिरम. मग शेतकऱ्याने दुकानात मोबाइल पुढे केला की डब्यावरचं नाव आणि स्क्रीनवरचं नाव जुळत नाही. नाव डब्यावर जसं छापलंय तसंच इंग्रजी अक्षरांत ठेवा. त्यासाठी मजकूर टाकण्याआधी नावांच्या जागी खुणा घाला आणि अनुवाद झाल्यावर त्या परत बदला:

```
X1 = fluopyram
X2 = fluopicolide
```

अशा खुणा मशीन सहसा हलवत नाही. तरी मूळ मजकुरात जितक्या खुणा होत्या तितक्या अनुवादात आल्यात का, हे मोजून घ्या. एखादी खूण गळाली असेल तर तिच्याबरोबर वाक्याचा तुकडाही गेलेला असतो, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

रोगांच्या नावांनाही हेच लागू आहे. ‘डाउनी मिल्ड्यू’ म्हणजे केवडा आणि ‘पावडरी मिल्ड्यू’ म्हणजे भुरी. मशीन कधी दोन्हींना नुसतं ‘बुरशी’ म्हणतं, कधी ‘पांढरी बुरशी’. पानाच्या खालच्या बाजूला केवड्याचीही वाढ पांढरीच दिसते, त्यामुळे ‘पांढरी’ म्हणून काहीच उलगडत नाही. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर चालत नाही. केवडा ओलीत वाढतो, पान भिजलेलं राहिलं की पसरतो. भुरीला पान भिजण्याची गरज नसते. दोन्हींना एकच नाव मिळालं, तर पावसाळी आठवड्यात शेतकरी गंधक मारत बसेल आणि केवडा घडावर जाईल. म्हणून मी रोगाचं नाव अनुवादाआधीच बदलतो. इंग्रजी वाक्यातच ‘केवडा’ आणि ‘भुरी’ असं देवनागरीत लिहून टाकतो. मशीन बहुतेक वेळा ते तसंच ठेवतं.

‘बेरी’, ‘गुच्छ’, ‘शूट’ हे शब्द आले तर मणी, घड, फूट असे करून घ्या. यांनी नुकसान होत नाही, पण गटात असा मजकूर गेला की ‘हे आपल्याकडचं नाही’ म्हणून लोक पुढचं वाचायचं सोडतात.

उपाय ३: तक्ते मशीनला देऊच नका

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची निर्यात द्राक्षांसाठीच्या औषधांची जी यादी असते, ती तक्त्याच्या रूपात असते: औषध, रोग, प्रमाण, पीएचआय, अंशमर्यादा. कॅमेऱ्याने फोटो काढून असा तक्ता मराठीत आणला, तर दोन गोष्टी बिघडू शकतात. एका औषधाचं नाव दोन ओळींत मोडलेलं असेल, तर दुसऱ्या ओळीला शेजारच्या औषधाचे आकडे चिकटतात. आणि दशांशचिन्ह लहान असल्याने फोटोत पुसट आलं की ०.५ चं ५ होतं. पहिला घोटाळा तर पाहूनही कळत नाही, कारण प्रत्येक रकान्यात काहीतरी आकडा असतोच.

तक्त्यातले आकडे मूळ कागदावरूनच घ्यायचे. मराठीत फक्त रकान्यांची शीर्षकं आणावीत, ती पाच-सहाच असतात आणि हाताने लिहिता येतात. एक गोष्ट मशीन बरोबर करतं, तरी वाचक फसतो: ‘हेक्टरी’ हे ‘हेक्टरी’च राहतं. आपण एकरात मोजतो आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरी १ लिटर असेल, तर एकरी साधारण ४०० मिली लिहून द्या. कोणीतरी घाईत एका एकरात पूर्ण लिटर ओतू शकतं.

बरोबर झालं की नाही, कसं तपासायचं

बरेच जण मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत उलटवून पाहतात. या अडचणीत ती तपासणी फसवी ठरते. ‘काढणीच्या ५० दिवस आधी फवारणी करू नका’ हे वाक्य परत इंग्रजीत टाकलं, तर मूळ वाक्याशी मिळतंजुळतं काहीतरी येऊ शकतं आणि आपल्याला हायसं वाटतं. मशीनने त्याला हवा तो एक अर्थ निवडलेला असतो. मराठी वाचक दुसरा अर्थ निवडू शकतो, हे त्यात कुठेच दिसत नाही.

मी तपासतो तारखेचा प्रश्न विचारून. इंग्रजी न पाहिलेल्या दोन बागायतदारांना फक्त मराठी मजकूर पाठवतो. ‘समजलं का’ असं विचारत नाही, त्यावर सगळे हो म्हणतात. विचारतो ते असं: ‘दादा, काढणी २० फेब्रुवारीला आहे. १५ जानेवारीला हे मारलं तर चालेल का?’ दिंडोरीकडच्या एका बागायतदारांचं यावरचं उत्तर असं आलं होतं: ‘चालेल की, पन्नास दिवस आधीच नको म्हणताय ना तुम्ही!’ मजकूर अजून पाठवायचा नाही, हे तेवढ्यात ठरलं. सरळ केलेलं वाक्य त्यांनाच पुन्हा दिल्यावर उत्तर आलं: ‘नाही, मग काढणी मार्चमध्ये न्यावी लागेल.’ मजकूर नीट पोचला की वाचक असा स्वतःच पुढचा हिशोब करतो. १५ जानेवारीपासून ५० दिवस म्हणजे मार्चचा पहिला आठवडा, म्हणजे त्यांचा हिशोबही बरोबर होता.

विचारण्यासाठी तारीख निवडताना ती बंदीच्या काळातली घ्या, पण अगदी काढणीला लागून नको. १८ फेब्रुवारीला फवारू का म्हटलं तर कोणीही नाहीच म्हणेल, अनुवाद कसाही असो.

हे करूनही जमत नसेल तेव्हा

मूळ इंग्रजीच मोघम असेल तर वरचा कुठलाही उपाय लागू पडत नाही. काही खरेदीदारांच्या मेलमध्ये ‘अव्हॉइड लेट ॲप्लिकेशन्स’ एवढंच असतं. मशीन त्याचं ‘उशिरा फवारणी टाळा’ असं स्वच्छ मराठी करतं, पण ‘उशिरा’ म्हणजे किती, हे मूळातच नाही. तिथे अनुवाद थांबवून खरेदीदाराला दिवस विचारायचे. आकडा येईपर्यंत तो मजकूर गटात टाकायचा नाही.

विषबाधेचा भाग मी मशीनमधून कधीच काढत नाही. फवारताना कोणाला चक्कर आली, उलट्या झाल्या, डोळ्यांची बाहुली बारीक झाली, तर अनुवाद करत बसू नये. माणसाला दवाखान्यात न्यावं आणि औषधाचा डबा, त्यावरचं लेबल आणि आतलं माहितीपत्रक तसंच्या तसं सोबत न्यावं. डॉक्टरांना त्यावरचं घटकाचं इंग्रजी नाव आणि उताऱ्याची ओळ लागते, आणि ती मूळ छापील स्वरूपातच हवी असते.